तीस मीटरच्या चौकटीतला डोंगर

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि १५१ माणसं गेली. त्यानंतर जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या कुठल्याही वाडीबद्दल बोलणं निघालं की कुणीतरी उताराचा नकाशा मागतो. असा नकाशा तासाभरात होतो, आणि तिथेच फसगत सुरू होते.

बहुतेक जण फुकट मिळणारं एसआरटीएमचं डिजिटल एलिव्हेशन मॉडेल घेतात. ही उंची फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने मोजलेली आहे. त्यामुळे माळीणचा डोंगर त्यात अजून कोसळलेलाच नाही. शिवाय जमीन साधारण तीस मीटरच्या चौकटींत कापलेली, म्हणजे एका चौकटीला एकच उंची. पडकई करून काढलेली भातखाचरं, त्यांचे बांध आणि वाडीच्या पायवाटा या चौकटींत विरघळून जातात. काही जण साडेबारा मीटरचं ‘आलोस पालसार’ मॉडेल उतरवून घेतात आणि आपल्याला जास्त बारकावा मिळाला असं समजतात. या भागात ते जुन्याच उंचीची बारीक कापलेली आवृत्ती असतं. चौकटी वाढतात, माहिती वाढत नाही.

फाइल अंशांत असते आणि उंची मीटरमध्ये. तशीच उतार काढायला दिली तर अनेक प्रणाली सगळा तालुका नव्वद अंशांच्या आसपास उभा करतात. ही चूक निदान लपत नाही. पुणे जिल्ह्यासाठी आधी मीटरच्या प्रक्षेपात आणायचं:

```
gdalwarp -t_srs EPSG:32643 -tr 30 30 -r bilinear dem.tif utm.tif
gdaldem slope utm.tif utar.tif
gdaldem aspect utm.tif disha.tif
```

इथे `bilinear` विसरलं तर उताराच्या नकाशावर आडव्या-उभ्या पट्ट्या उमटतात.

लपणारी चूक कड्याची. शिवनेरीसारख्या ठिकाणी तीस मीटरचा सरळ तुटलेला कडा असेल, वर-खाली सपाटी असेल, तरी गणित शेजारच्या दोन बाजूंच्या चौकटींमधला फरक साठ मीटर अंतरावर वाटतं. तीस भागिले साठ, म्हणजे जेमतेम सत्तावीस अंश. ‘पस्तीसच्या वर धोका’ अशी रेघ मारणाऱ्या अहवालात हा कडा सुरक्षित रंगात बसतो! म्हणून अशा मॉडेलवरून वाडीमागच्या दरडीचा निर्णय घेऊ नये. डोंगराचा कल समजून घ्यायला ते पुरेसं आहे.

उताराच्या दिशेत घोळ वेगळा. `gdaldem` उत्तरेला शून्य धरून घड्याळाच्या दिशेने मोजतं, तर ग्रासचं `r.slope.aspect` मुळात पूर्वेपासून उलट्या दिशेने मोजतं. `-n` लावलं तरच उत्तरेपासून. एकाचे आकडे दुसऱ्याच्या रंगपट्टीत टाकले की पूर्वेचा उतार उत्तरेकडे तोंड करतो. आणि दिशांची सरासरी कधीच थेट काढू नये: ३५० आणि १० या दोन्ही उत्तरेच्याच, सरासरी मात्र १८० येते, दक्षिण.

पाणलोटाची सीमा काढताना मात्र खरी मेहनत आहे. हे लिहिणाऱ्याकडे तपासायला आलेल्या एका नकाशात पन्नासएक हेक्टरच्या ओढ्याचा पाणलोट पाव हेक्टरच भरला होता. तीस मीटरची चौकट म्हणजे ०.०९ हेक्टर, पन्नास हेक्टरला साडेपाचशेच्या वर चौकटी हव्यात, इथे होत्या तीन. जीपीएसने घेतलेला मुखबिंदू जागेवर बरोबरच होता, पण मॉडेलमधला ओढा शेजारच्या चौकटीतून वाहत होता. मुखबिंदू जास्तीत जास्त प्रवाह साठलेल्या चौकटीवर सरकवून मग `r.water.outlet` चालवलं की आकार येतो. एरवीही त्या चौकटीच्या प्रवाहसंख्येला ०.०९ ने गुणावं आणि टोपोशीटवरून अंदाजलेल्या क्षेत्राशी ताडून बघावं.

दुसरी खोड, गावाच्या शिवेवर मॉडेल कापण्याची. शीव पुष्कळदा ओढ्यानेच जाते. पलीकडचा उतार कापला की पाणलोट अर्धा होतो. `r.watershed` याची खूण देतं: प्रवाहसंख्या उणे आली की बाहेरून येणारं पाणी मोजलेलं नाही असं समजावं आणि कडेने चांगला रुंद पट्टा ठेवून पुन्हा चालवावं. डिंभे जलाशयाकाठी काम असेल तर मुखबिंदू पाण्याच्या कडेपासून वर घ्यावा, कारण सपाट पाण्यावर प्रवाहाची दिशा प्रणाली स्वतःच ठरवते आणि ती कुठेही जाते.

शेवटी राहतो रस्ता. डोंगराला आडव्या गेलेल्या घाटरस्त्याची बाजूची गटार एका ओहोळाचं पाणी उचलून पुढच्या मोरीत सोडते, आणि तीस मीटरच्या मॉडेलला ना गटार दिसते ना मोरी. पावसात मोऱ्या चालून बघाव्यात, कोणती खळाळते आणि कोणती कोरडी ते वाडीतल्या माणसाला विचारावं, आणि तेवढा तुकडा सीमारेषेत हाताने जोडावा किंवा वगळावा.