आरोग्य विमा घेताना : हप्ता, विमा रक्कम आणि वगळलेल्या बाबी

आरोग्य विम्याचे कागद पहिल्यांदा हातात आले की बहुतेक जण दोनच आकडे बघतात : भरायचे किती आणि मिळणार किती. भरायची रक्कम म्हणजे हप्ता, यालाच प्रीमियम म्हणतात. ‘मिळणार किती’ म्हणून जो आकडा आपण वाचतो, ती विमा रक्कम, म्हणजे सम इन्शुअर्ड. गोंधळ इथेच होतो. तीन लाखांची विमा रक्कम म्हणजे कंपनी वर्षभरात जास्तीत जास्त तीन लाखांपर्यंत खर्च देईल, ही वरची मर्यादा झाली. आजारी पडल्यावर तीन लाख हातात येतात असे नाही. आणि वर्षभर दवाखान्यात जावे लागले नाही, तर भरलेला हप्ता परत मिळत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, मेढ्यातल्या एका ताईंचा तीन लाखांचा विमा आहे. त्यांच्या पॉलिसीत खोलीचे भाडे दिवसाला विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये, एवढेच मंजूर आहे. ऑपरेशनसाठी त्या साताऱ्याला दाखल झाल्या. घरच्यांनी विमा आहे म्हणून ६,००० रुपयांची खोली घेतली. चार दिवसांचे बिल झाले १,१०,००० रुपये : खोली २४,०००, डॉक्टर व ऑपरेशन थिएटर ६०,०००, औषधे व तपासण्या २४,००० आणि हातमोजे वगैरे किरकोळ सामान २,०००.

घरच्यांना वाटले, फार तर खोलीचे जादा १२,००० आपल्याला भरावे लागतील. पण खोली मंजूर भाड्याच्या दुप्पट दराची होती. अशा वेळी पुष्कळ पॉलिसींमध्ये डॉक्टर व थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो, कारण अनेक दवाखान्यांत हे दर खोलीप्रमाणे बदलतात. म्हणून खोलीचे १२,०००, डॉक्टर-थिएटरचे ३०,००० आणि औषधे-तपासण्यांचे पूर्ण २४,००० असे ६६,००० रुपये मंजूर झाले. किरकोळ सामानाचे पैसे बहुधा मिळतच नाहीत. ४४,००० रुपये घरातून गेले. ३,००० रुपयांच्याच खोलीत राहिल्या असत्या आणि बाकी खर्च तेवढाच धरला, तर खिशातून फक्त २,००० गेले असते. म्हणून दाखल होताना आधी विचारा, ‘आमच्या पॉलिसीत बसणारी खोली कोणती?’

आता तिसरा शब्द, एक्सक्लूजन, म्हणजे वगळलेल्या बाबी. यात दोन प्रकार आहेत. काही खर्च कंपनी कधीच देत नाही. उदाहरणार्थ, केवळ रूप सुधारण्यासाठी केलेले ऑपरेशन. बाळंतपणाचा खर्चही पुष्कळ साध्या पॉलिसींत नसतो.

दुसऱ्या प्रकारात खर्च मिळतो, पण थांबावे लागते. पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर आजारांचा खर्च मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा अशा ठरावीक आजारांसाठी बहुधा दोन वर्षे थांबावे लागते. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षे. ही मुदत पूर्वी चार वर्षांची होती, २०२४ च्या नियमांनी ती कमी झाली. पॉलिसीचे नूतनीकरण चुकून ती बंद पडली आणि नवी घ्यावी लागली, तर ही मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते.

सगळ्यात मोठी चूक इथे होते. फॉर्म भरताना ‘साखर, बीपी आहे का?’ या प्रश्नासमोर एजंट ‘नाही’ लिहितो आणि आपण सही करतो. पुढे दवाखान्यात दाखल करताना नर्स किंवा डॉक्टर विचारतात, ‘साखर कधीपासून?’ आपण खरे सांगतो, ‘पाच वर्षे झाली.’ ते केसपेपरवर लिहिले जाते आणि केसपेपर कंपनीकडे जातो. दोन कागद जुळले नाहीत की माहिती लपवली म्हणून खर्च नाकारला जाऊ शकतो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. दवाखान्यात खोटे सांगणे हा यावरचा उपाय नाही, त्याने उपचारच चुकतील. खरे सांगायची जागा म्हणजे विम्याचा फॉर्म. हप्ता थोडा वाढेल, काही काळ थांबावे लागेल, पण हक्क शाबूत राहील.

हप्ता भरण्याआधी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचीही चौकशी करा. तिथे हप्ता नसतो आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण असते. मात्र ठरावीक उपचार आणि योजनेत नोंदलेले दवाखाने एवढ्यापुरतेच.

पॉलिसी मिळाली की कपाटात ठेवू नका. तिच्यासोबत ग्राहक माहिती पत्रक येते. घरात कॉलेजला जाणारे कुणी असेल तर त्याच्याकडून ते वाचून घ्या. त्यात तीन गोष्टी शोधा : खोलीच्या भाड्याची मर्यादा, कोणत्या आजाराला किती दिवस थांबायचे आणि आपले जुने आजार बरोबर लिहिलेत का. पटले नाही तर पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. थोडी कपात होऊन पैसे परत मिळतात. खर्च नाकारला गेला तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. ३० दिवसांत दाद लागली नाही, तर पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात अर्ज करता येतो. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही.