चौकोनी फोटोचा रुंद बॅनर करताना उजेड कसा जुळवावा?

मुलांनी रंगवलेल्या पणतीचा फोटो १०२४ बाय १०२४ पिक्सेलचा, बॅनर हवा २०४८ बाय १०२४. म्हणजे आउटपेंटिंगने दोन्हीकडे ५१२ पिक्सेल वाढवायचे. खिडकी डावीकडे, सावली उजवीकडे. सूचनेत आधी ‘टेबलावर पणती’ लिहिलं, तर कडेला दुसरी पणतीच उगवली! मग ‘रिकामं लाकडी टेबल, डावीकडून मऊ उजेड, उजवीकडे मंद होत जाणारा’ एवढंच लिहिलं. मास्क मूळ फोटोत साधारण ६० पिक्सेल आत घेतला, म्हणजे जुना-नवा उजेड एकमेकांत मिसळतो. पणतीच्या सावलीला मात्र तो लागू दिला नाही. नंतर कॉन्ट्रास्ट खूप वाढवून पाहा. उभी रेघ दिसली, तर उजेड तिथेच तुटलाय. आमचा उजवा भाग जास्त उजळ निघाला, म्हणून तेवढाच पुन्हा काढला.