उंट आणि घोडा : मात योग्य कोपऱ्यातच

बुद्धिबळाच्या पटावर एकाकी राजाविरुद्ध राजा, उंट आणि घोडा उरले, तर मात निश्चित करता येते. मात्र उंट ज्या रंगाच्या घरांवरून चालतो, त्याच रंगाच्या कोपऱ्यात. चतुर प्रतिस्पर्धी म्हणूनच विरुद्ध रंगाच्या कोपऱ्याकडे धाव घेतो. अचूक खेळ्यांनी कोणत्याही स्थितीतून साधारण तेहतीस खेळ्यांत मात होते. पन्नास खेळ्यांत ती न झाल्यास डाव बरोबरीत सुटू शकतो. २०१३ साली जिनिव्हा येथे तत्कालीन महिला जगज्जेत्या अ‍ॅना उशेनिना यांना ओल्गा गिर्या यांच्याविरुद्ध याच मोहऱ्यांनिशी बरोबरी पत्करावी लागली.

राजाला चुकीच्या कोपऱ्यातून योग्य कोपऱ्यात न्यायचे कसे, हे आपण एका स्थितीवरून पाहू. पांढऱ्याचा राजा एफ-६, घोडा एफ-७ आणि उंट एफ-५ वर आहे. काळा राजा जी-८ वर, म्हणजे काळ्या रंगाच्या एच-८ कोपऱ्याशेजारी आहे. उंट पांढऱ्या घरांचा असल्याने मात ए-८ ला व्हायची.

काळ्याची खेळी आहे. त्याला एफ-८ हे एकच घर मोकळे आहे. उंट एच-७ वर येऊन जी-८ बंद करतो आणि राजा ई-८ ला सरकतो. आता घोडा ई-५ वर न्यावा. राजा एफ-८ ला परतला, तर घोडा डी-७ वरून शह देतो. राजा ई-८, आपला राजा ई-६. राजा डी-८, आपला राजा डी-६. राजा पुन्हा ई-८ ला आला, की उंट जी-६ वरून शह देतो आणि राजा डी-८ ला जातो. मग घोडा सी-५, राजा सी-८; उंट एफ-७, राजा डी-८; घोडा बी-७ वरून शह, राजा सी-८. घोड्याचा मार्ग ध्यानात ठेवावा : एफ-७, ई-५, डी-७, सी-५, बी-७. हा नागमोडी मार्गच राजाला कडेने पुढे ढकलतो.

आता आपला राजा सी-६, काळा बी-८. आपला बी-६, काळा सी-८. उंट ई-६ वरून शह देतो, राजा बी-८ ला जातो. घोडा सी-५ वर येताच राजा ए-८ या कोपऱ्यात शिरतो.

नेमकी येथेच घाई घात करते. घोडा लगेच ए-६ वर ठेवला, तर काळ्या राजाला शह नसतो आणि हलायला एकही घर उरत नाही. डाव बरोबरीत सुटतो. म्हणून आधी उंट डी-७ वर नेऊन एक खेळी थांबावे. राजाला बी-८ ला यावेच लागते. मग घोडा ए-६ वरून शह देतो. सी-८ उंटाच्या माऱ्यात असल्याने राजा ए-८ ला परततो आणि उंट सी-६ वर येताच मात होते.

राजा ई-५ च्या घोड्यानंतर डी-८ कडे निसटू पाहतो, तेव्हा अनेक खेळाडू गोंधळतात. त्यावेळी शह देत सुटू नये. आपला राजा ई-६ वर आणून घोडा व उंटाने त्याची वाट अडवावी. मोहऱ्या पटावर मांडून ही स्थिती दोन्ही बाजूंनी खेळावी, असे आम्ही सुचवितो.