बाटली तीच, औषध दुप्पट

मुलांच्या तापाच्या औषधावर नाव ठळक असतं, आणि आपल्या कामाची ओळ इतकी बारीक की चष्मा असूनही बाटली दिव्याखाली धरावी लागते. 'प्रत्येक ५ मि.ली.मध्ये पॅरासिटामॉल अमुक मि.ग्रॅ.' अशी ती ओळ असते आणि त्यातला 'अमुक' आकडा बाजारात एकच नाही. सिरप १२० किंवा १२५चं येतं, तसंच २५०चंही येतं. तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स तर त्याहून कितीतरी दाट असतात, त्यांच्या एकेका मि.ली.मध्येच बहुधा १०० मि.ग्रॅ. औषध असतं. नाव तेच, रंग तोच, खोकाही जवळपास सारखाच.

आमच्याकडे घोळ झाला तो इथेच. मुलगी चार वर्षांची, वजन १४ किलो. पावसाळ्याचे दिवस होते. घसा लाल झालेला, पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं, अंगात ताप. डॉक्टरबाईंनी घसा बघितला, हा व्हायरल आहे, अँटिबायोटिक नको म्हणाल्या, आणि चिठ्ठीवर लिहून दिलं: पॅरासिटामॉल १२०, साडेआठ मि.ली., सहा तासांनी, गरज असेल तरच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाटली संपली. नवरा कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. १२०ची शिल्लक नव्हती, म्हणून दुकानदाराने त्याच नावाची २५०ची काढून दिली आणि 'तेच आहे' म्हणून सांगितलं. घरी आल्यावर चिठ्ठीत बघून साडेआठ मि.ली. मोजून दिलं गेलं. चिठ्ठी बरोबर होती, मोजमापही बरोबर होतं. बाटली तेवढी वेगळी होती. रात्रीचा डोस भरताना माझी नजर त्या ओळीवर गेली म्हणून कळलं.

हिशेब अगदी सोपा आहे, तो एकदा कागदावर मांडून बघावा. पॅरासिटामॉल एका वेळेला किलोमागे १० ते १५ मि.ग्रॅ. द्यायचं असतं. १४ किलोच्या मुलीला १५ने गुणलं तर २१० मि.ग्रॅ. होतात. १२०च्या सिरपमध्ये हे २१० साधारण पावणेनऊ मि.ली.त बसतात, म्हणून चिठ्ठीवरचे साडेआठ. २५०च्या सिरपमध्ये तेच २१० सव्वाचार मि.ली.च्याही किंचित आत बसतात. तिला साडेआठ गेले होते, म्हणजे ४२५ मि.ग्रॅ., किलोमागे तीस. सरळ दुप्पट.

रात्रीच डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या: नव्या बाटलीतले किती डोस गेले, त्यात आणखी कुठलं औषध चालू आहे का, आणि पोरगी उलट्या करतेय का. एकच डोस गेला होता, दुसरं काही नव्हतं, पोरगी झोपलेली होती. त्या म्हणाल्या, "एका दुप्पट डोसाने काही होत नाही. रात्रीचा डोस देऊ नका, सकाळी ताप असला तरच द्या आणि तोही सव्वाचारच." पुढे त्यांनी जे सांगितलं ते जास्त महत्त्वाचं होतं. पॅरासिटामॉलची चूक एका डोसात क्वचित भोवते. ती भोवते दोन-तीन दिवस तसंच चालू राहिल्यावर. चोवीस तासांत जास्तीत जास्त चार डोस आणि किलोमागे साधारण ६० मि.ग्रॅ. ही घरी पाळायची मर्यादा. आमची बाटली तशीच चालू राहिली असती तर दिवसाचे १२० झाले असते, आणि तेही न जेवणाऱ्या, तापलेल्या पोरीच्या यकृतावर. यातली वाईट गोष्ट अशी की यकृताला इजा होत असताना पहिल्या दिवशी जवळजवळ काही दिसत नाही. थोडी मळमळ, एखादी उलटी, एवढंच. घसा दुखतोय म्हणून जेवत नाही असं आपण समजतो. पोटात उजवीकडे दुखणं, कावीळ हे नंतरचं. यावर उतारा आहे, एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचं औषध, पण ते पहिल्या आठ तासांत दिलं तर सगळ्यात चांगलं काम करतं. म्हणून जास्त गेल्याची शंका आली तर लक्षणांची वाट बघत बसायचं नाही, बाटली हातात घेऊन दवाखाना गाठायचा.

उलट बाजूही आहे. वीस किलोच्या मुलाला 'एक चमचा' म्हणून १२०च्या सिरपचे पाच मि.ली. दिले तर किलोमागे सहाच मि.ग्रॅ. पडतात. घसा दुखायचा थांबत नाही, मग 'हे औषध लागूच पडत नाही' म्हणून तीन तासांत पुन्हा दिलं जातं किंवा वर दुसरं काही दिलं जातं. वय विचारून औषध द्यायची आपली सवय इथे फसते, कारण एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या वजनात सहज सहा-सात किलोंचा फरक असतो. वजन काट्यावर बघावं. स्वयंपाकघरातला चमचा बाजूला ठेवावा, कुठला चार मि.ली.चा असतो तर कुठला सातचा. औषधाच्या दुकानात सुई नसलेली सिरिंज मिळते, ती सगळ्यात खात्रीची.

आता आयबुप्रोफेन. जावेचा फोन आला तेव्हा तिचं म्हणणं होतं, घशाला ते जास्त चांगलं, सूज उतरवतं. त्यात तथ्य आहे. पॅरासिटामॉल वेदना आणि ताप कमी करतं, सुजेवर त्याचा फारसा जोर नाही. आयबुप्रोफेन सूजही कमी करतं आणि एका डोसाचा असर सहा ते आठ तास टिकतो. पण दुखऱ्या घशाच्या मुलाला प्रत्यक्षात वाटणाऱ्या आरामात दोन्हींत मोठा फरक पडत नाही. म्हणून निवड घशावरून करू नये, मुलावरून करावी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आयबुप्रोफेन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. मूल पाणीसुद्धा पीत नसेल, उलट्या-जुलाब असतील, लघवी कमी झाली असेल तर नाही, कारण अशा वेळी ते मूत्रपिंडाला जड जातं. कांजिण्या असतील तर नाही. दम्याच्या मुलाला आधी विचारून. आणि आपल्याकडे जूनपासून नोव्हेंबरपर्यंत एक प्रश्न कायम डोक्यात ठेवावा: हा डेंग्यू तर नाही? डेंग्यूमध्ये प्लेटलेट्स उतरतात, रक्तस्रावाची भीती असते, आणि आयबुप्रोफेन ती वाढवतं. पहिल्या दोन दिवसांत डेंग्यूच्या तापातही घसा लाल दिसू शकतो. म्हणून पावसाळ्यात, निदान होईपर्यंत, मी तरी पॅरासिटामॉलवरच थांबते.

आयबुप्रोफेनचा हिशेब किलोमागे ५ ते १० मि.ग्रॅ., दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, पोटात काही गेल्यावर. आपल्याकडे मुलांना ते बऱ्याचदा एकटं मिळतच नाही, पॅरासिटामॉलबरोबर एकत्र मिळतं, आणि घोळाची दुसरी जागा हीच. एक नेहमीचं सिरप घ्या: ५ मि.ली.त आयबुप्रोफेन १०० आणि पॅरासिटामॉल १६२.५. आमच्या मुलीला त्याचे सात मि.ली. दिले तर आयबुप्रोफेन १४० होतं, म्हणजे किलोमागे बरोबर १०. पण त्याबरोबर पॅरासिटामॉलही २२७ जातं, म्हणजे तिचा पूर्ण डोस झाला. आता 'ते सुजेचं दिलं, हे तापाचं देऊ' म्हणून वर साधं पॅरासिटामॉल दिलं की दुप्पट झालंच. सर्दीच्या सिरपमध्येही पॅरासिटामॉल लपलेलं असतं. त्यामुळे तीन बाटल्या शेजारी ठेवल्या की नावं वाचायची नाहीत, घटक वाचायचे. आणि फ्रिजवर एक कागद चिकटवून औषध, मि.ली. आणि वेळ लिहायची, कारण रात्री दोन वाजता कोणी कधी काय दिलं हे कोणालाच आठवत नाही.

सासूबाईंचा उपाय वेगळा होता. त्यांच्या लहानपणी घसा धरला की डोकेदुखीची पाण्यात विरघळणारी गोळी अर्धी घालून गुळण्या करायचे. "अगं, गिळायची थोडीच आहे?" चार वर्षांचं मूल गुळण्या करताना निम्मं पाणी गिळतं हा एक भाग. दुसरा भाग असा की त्या गोळीत ॲस्पिरिन असतं. सासऱ्यांची रक्त पातळ ठेवणारी रोजची छोटी गोळी, तीही ॲस्पिरिनच.

मुलांना ॲस्पिरिन का नाही, याचं कारण पोटातल्या जळजळीपेक्षा बरंच मोठं आहे. १९६३मध्ये डग्लस राय या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या एका विचित्र आजाराचं वर्णन केलं. मूल फ्लूतून किंवा कांजिण्यांतून बरं होत आलेलं असतं आणि अचानक उलट्या थांबेनाशा होतात. मग ते सुस्त होतं किंवा उगाच चिडतं, असंबद्ध बोलतं, पुढे शुद्ध हरपते. आत मेंदूला सूज आलेली असते, यकृतात चरबी साठलेली असते. याला राय सिंड्रोम म्हणतात. अमेरिकेत १९८०मध्ये ५५५ रुग्णांची नोंद झाली, हा सगळ्यात मोठा आकडा. त्या मुलांना आधीच्या आजारात ॲस्पिरिन दिलेलं होतं, असं पुन्हा पुन्हा आढळलं. पालकांना सावध केलं गेलं, १९८६पासून तिथे ॲस्पिरिनच्या पाकिटावर इशारा छापणं सक्तीचं झालं, आणि रुग्णसंख्या वेगाने घसरून १९९०च्या दशकात वर्षाला एक-दोनवर आली. ॲस्पिरिन हे नेमकं कसं घडवतं ते आजही पूर्ण उलगडलेलं नाही. विषाणू आणि ॲस्पिरिन मिळून पेशींमधली ऊर्जा तयार करणारी यंत्रणाच बंद पाडतात, एवढं दिसतं. आजार दुर्मीळ आहे, पण झाला तर मूल जाऊ शकतं किंवा मेंदूला कायमची इजा राहू शकते, आणि घसादुखीसाठी आपल्या हाताशी दोन चांगली औषधं आहेत. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी वाद घातला नाही, कोमट पाण्यात मीठ घालून दिलं.

ॲस्पिरिन लेबलवर त्याच नावाने असेलच असं नाही. 'ॲसिटिलसॅलिसिलिक ॲसिड' असंही लिहिलेलं असतं. तोंड आल्यावर लावायच्या काही जेलमध्ये कोलीन सॅलिसिलेट असतं, तेही त्याच कुळातलं, मुलांना नको. निमेसुलाइडचा ॲस्पिरिनशी संबंध नाही, पण जुन्या घरांच्या औषधपेटीत अजून सापडतं म्हणून सांगते: बारा वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११पासून त्यावर बंदी आहे.

घसा दुखतोय पण मूल पाणी पितंय, मधूनच खेळतंय, तर दोन-तीन दिवस घरी काढायला हरकत नाही. लाळ गिळता येत नसेल, तोंड पुरतं उघडत नसेल, श्वासाला आवाज येत असेल, मान ताठली असेल, अंगावर पुरळ आलं असेल तर लगेच निघावं. पाच वर्षांपुढच्या मुलाला खोकला-सर्दी नसताना ताप, टॉन्सिलवर पांढरे डाग आणि गळ्यात दुखऱ्या गाठी असतील, तर डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. तो स्ट्रेप असू शकतो, त्याला अँटिबायोटिक लागतं, आणि ते अर्धवट सोडलं तर संधिवाताच्या तापाची भीती आपल्याकडे अजून आहे.

काही मुलांना मात्र डॉक्टर स्वतःच ॲस्पिरिन लिहून देतात. कावासाकी नावाच्या आजारात हृदयाच्या रक्तवाहिन्या जपायला ते द्यावं लागतं, हृदयाच्या काही ऑपरेशननंतरही. अशा मुलाच्या आईने हा लेख वाचून गोळी परस्पर बंद करू नये. तिने एवढंच करावं, घरात कोणाला फ्लू किंवा कांजिण्या आल्या की त्याच दिवशी मुलाच्या डॉक्टरांना फोन करावा, आणि दरवर्षीची फ्लूची लस चुकवू नये.