केंद्रनिहाय बेरीज जुळत नाही, ती का?

प्रश्न : विधानसभेच्या निकालाचा नमुना २० घेऊन एका उमेदवाराची सर्व केंद्रांवरची मते मिळवली. बेरीज ८१,२४६ आली, जाहीर आकडा मात्र ८२,००३ आहे. घोळ कुठे असेल?

उत्तर : फरक ७५७ चा आहे. केंद्रांच्या ओळींत फक्त यंत्रावरची मते असतात. टपाली मते शेवटी वेगळ्या ओळीत येतात आणि जाहीर आकड्यात ती धरलेली असतात. तुमच्या तक्त्यात ती समजा ६९४ असतील, तर उरतात ६३.

६३ ला ९ ने भाग जातो. टंकताना शेजारचे दोन अंक उलटे पडले की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो. ३८१ चे ३१८ झाले, तर नेमके ६३ कमी भरतात. म्हणून आधी तुमच्या नोंदी मूळ तक्त्याशी ताडून पाहा. प्रत्येक केंद्राची आडवी बेरीज ‘नोटा’सह केली की चुकलेली ओळ लगेच सापडते. पानाअखेरची बेरीज पुन्हा मिळवली गेली नाही ना, हेही बघा.

एकाच केंद्रावर दोन उमेदवारांचे आकडे अदलाबदल झाले, तर आडवी बेरीज बरोबरच येईल. तिथे नमुना १७-सीचा मतमोजणीचा दुसरा भागच पाहावा लागतो. प्रदत्त मते मात्र मोजणीत नसतातच, ती मिळवू नका.