पाककृती वाचू या: फ्रेंच दह्याचा केक



फ्रान्समध्ये लहान मुलं बहुतेक वेळा हाच केक पहिला करायला शिकतात. त्याला ‘गातो ओ याउर्त’, म्हणजे दह्याचा केक म्हणतात. यात वजनकाटा लागत नाही. दह्याची 125 ग्रॅमची डबी रिकामी झाली की तीच माप होते, जशी आपली वाटी. डबीला तिकडे ‘पो’ म्हणतात.

साहित्य: 1 डबी दही, 2 डब्या साखर, 3 डब्या मैदा, अर्धी डबी तेल, 3 अंडी आणि बेकिंग पावडरची 1 पुडी.

आता कृतीतले हुकूम बघा. आपण ‘घाल’ आणि ‘घाला’ असं वेगळं बोलतो ना? तसंच फ्रेंचमध्ये आहे. पाककृतीत मानाचं रूप येतं आणि त्याच्या शेवटी ‘ए’ ऐकू येतो.

प्रेशोफे: ओव्हन आधी 180 अंशांवर तापवा.
वेर्से: दही भांड्यात ओता.
आजुते: साखर, मग अंडी, मग मैदा आणि पावडर, शेवटी तेल घाला.
मेलांजे: मिसळा. पण मैदा घातल्यावर गुठळ्या मोडल्या की थांबा. फार घोटलं तर केक चिवट होतो.
आंफुर्ने: मिश्रण तेल लावलेल्या भांड्यात ओतून ओव्हनमध्ये ठेवा, साधारण 30 ते 35 मिनिटं.

मधोमध सुरी खुपसून बघा. ती कोरडी बाहेर आली की झालं. ओलं पीठ चिकटलं तर आणखी पाच मिनिटं ठेवा.

आता माझी चूक सांगते. मी पहिल्यांदा घरातली 200 मिलीची वाटी घेतली. दही, साखर, मैदा, तेल सगळं वाटीनं मोजलं, म्हणजे प्रत्येक वस्तू दीडपटीहून जास्त झाली. अंडी मात्र तीनच आणि पावडर एकच पुडी. पीठ घट्ट झालं, केक नीट फुगलाच नाही. डबी बदलली तर अंडी आणि पावडरही त्याच हिशोबानं बदलायला हवी. 200 मिलीच्या वाटीला जवळजवळ पाच अंडी लागतात. त्यापेक्षा सोपं म्हणजे औषधाच्या मापानं 125 मिली पाणी मोजून एका पेल्यावर खूण करा आणि तोच पेला वापरा.

पुडीचंही असंच. तिकडच्या पुडीत साधारण 11 ग्रॅम असतात, म्हणजे मोजायच्या लहान चमच्यानं अडीच चमचे. फ्रेंचमध्ये तिला ‘लव्यूर शिमिक’ म्हणतात. नुसतं ‘लव्यूर’ म्हणजे यीस्टही असू शकतं, म्हणून ‘शिमिक’ शब्द आहे का बघा. यीस्टनं हा केक लगेच फुगणार नाही.

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या घरची वाटी आणा. तिच्यात किती मिली मावतं ते मोजून बघू.