पोटातला पोहणारा जंतू

पोटात जळजळ झाली की आपण तिखटाला दोष देतो. पण पुष्कळदा अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. जठरातलं आम्ल त्यालाही मारतं. म्हणून तो एका टोकाच्या शेपट्या मळसूत्रासारख्या फिरवत, आम्लापासून दूर, अस्तरावरच्या चिकट थराकडे पोहतो. त्याला डोळे नाहीत. अंगातली प्रथिनं आम्ल वाढलं की घटलं एवढंच सांगतात. वाढलं तर तो वाट बदलतो. तिथे दडलेला जंतू नुसत्या ॲसिडिटीच्या गोळीने जात नाही. जळजळ थांबते, तो राहतो. शौचाच्या किंवा श्वासाच्या तपासणीत तो सापडला, तर डॉक्टरांनी दिलेला, बहुधा 14 दिवसांचा कोर्स बरं वाटलं तरी आपण अर्धवट सोडायचा नाही. शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना.